अंधारातली उसाची ट्रॉली: सिम्युलेटरमधली चित्रं आणि खरे फोटो, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही नक्की काय ओळखायला शिकवताय? आणि उसाची ट्रॉली "दुर्मिळ" कशी? हंगामात तर रस्ता तिनंच भरलेला असतो.

हा प्रश्न माजलगावकडचा माणूस हमखास विचारतो, आणि त्याचं बरोबर आहे. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की दिवसा दर दोन-चार मिनिटांना ट्रॉली दिसते. गाडीतल्या डॅशकॅम कॅमेऱ्याच्या चित्रात ट्रॉली ओळखून ड्रायव्हरला इशारा देईल असं संगणकाचं मॉडेल आम्ही शिकवतोय. त्यानं शोधायची ती ट्रॉली वेगळी: रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली किंवा रांगेत थांबलेली, ट्रॅक्टर सुटून गेलेला, मागं दिवा नाही, आणि ऊस मागं इतका लोंबतोय की रेडियमची पट्टीही झाकली गेलीय. मागून येणाऱ्याला ती गाडी वाटतच नाही. अंधारात थोडा जास्त गडद अंधार, एवढंच.

तीन ओळखीच्या ड्रायव्हरांनी एका हंगामातलं रात्रीचं डॅशकॅमचं चित्रीकरण आम्हाला दिलं. त्यातून अशा एकूण ५८ ट्रॉल्या निघाल्या. फ्रेम हजारांनी होत्या, पण एकाच ट्रॉलीच्या शंभर फ्रेम म्हणजे एकच ट्रॉली, हे मनावर कोरून ठेवावं लागतं. त्यातल्या ३० ट्रॉल्या चाचणीसाठी कुलपात ठेवल्या. शिकवायला उरल्या २८. अठ्ठावीस नमुन्यांवर मॉडेल त्या अठ्ठावीस ट्रॉल्या पाठ करतं, पुढची ओळखत नाही.

मग आणखी फोटो का काढत नाही?

काढतो. पण अशी ट्रॉली ठरवून भेटत नाही, आणि भेटली तर तिच्या मागं गाडी उभी करून फोटो काढत बसणं म्हणजे दुसरी बिनदिव्याची गाडी रस्त्यावर आणणं. एक रात्र आम्ही तसं केलं, दिवे लावून, माणूस उभा करून. तरी परत केलं नाही. म्हणून कमी पडणारी चित्रं सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकातल्या कृत्रिम रस्त्यावर, बनवायची ठरवली.

त्यापेक्षा ट्रॉलीला रेडियम लावा ना!

लावाच. स्वस्त आहे आणि मॉडेलपेक्षा जास्त जीव वाचवेल. ऊस लोंबून पट्टी झाकली जाते तिथून पुढचं आमचं काम सुरू होतं.

सिम्युलेटर कोणता वापरला? त्यात उसाची ट्रॉली आधीच असते का?

कार्ला. गाड्या चालवण्याच्या संशोधनासाठी बनलेला, अनरिअल या गेम इंजिनवर चालणारा मुक्त स्रोताचा सिम्युलेटर आहे. ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलं की काम भागतं. त्यात मोटारी, दुचाकी, खांब, झाडं तयार मिळतात. उसाची ट्रॉली अर्थातच नाही. ती आम्ही ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवून कार्लात वस्तू म्हणून आणली. सांगाडा सोपा आहे. सगळा जीव उसाच्या रचण्यात आहे. पहिली ट्रॉली आम्ही छान चौकोनी भरली होती. एका ट्रॅक्टरवाल्या काकांना दाखवली तर ते म्हणाले, "भाऊ, हे तर कापसाचं गाठोडं झालं. ऊस एवढा शहाणा नसतो." मग मोळ्या तिरक्या झाल्या, एका बाजूला कललेला भार आला, मागं दोन-अडीच फूट लोंबणारी टोकं आली, वरून बांधलेला दोर आला. भाराचे असे बारा आकार केले. काकांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या डोक्यातही नव्हती: गाडी बंद पडली की चाकाखाली दगड लावतात आणि मागं रस्त्यावर बाभळीची नाहीतर लिंबाची फांदी टाकतात. फांदी आणि दगड हीच खरी धोक्याची खूण. तीही काही चित्रांत टाकली, काहींत मुद्दाम टाकली नाही, म्हणजे मॉडेल फक्त फांदीवर विसंबणार नाही.

एक किरकोळ वाटणारी पण नडणारी गोष्ट. कार्लाचे तयार नकाशे उजव्या बाजूनं गाडी चालवण्याचे आहेत. आम्ही सगळी चित्रं आरशासारखी उलटवली, लेबलांसकट, म्हणजे चित्रात ट्रॉली कुठं आहे हे दाखवणाऱ्या चौकटींसकट. नंबरप्लेट उलटी होते, पण त्या अंतरावर ती वाचता येतच नाही. जिथं पाटी जवळ आणि वाचण्यासारखी होती ती चित्रं टाकून दिली.

रात्र कशी करता?

सूर्य क्षितिजाखाली नेतो. तेवढा भाग असा:

```python
w = carla.WeatherParameters(
    sun_altitude_angle=random.uniform(-60, -10),
    fog_density=random.uniform(0, 25))
world.set_weather(w)
```

हे सोपं. अवघड आहे ते कॅमेऱ्याचं. खऱ्या डॅशकॅमला रात्री उजेड कमी पडतो, म्हणून तो चित्र उजळवतो आणि त्यात दाणे येतात. समोरून अप्परवर येणारा ट्रक सगळं चित्र पांढरं करतो. काचेवर धूळ असली की प्रत्येक दिव्याभोवती वलय येतं. सिम्युलेटरचं चित्र त्यापुढं धुतल्या तांदळासारखं दिसतं. म्हणून दाणे, धुरकटपणा आणि व्हिडिओ दाबताना पडणारे चौकोनी डाग आम्ही चित्र तयार झाल्यावर वरून घातले. किती घालायचे ते अंदाजानं ठरवलं नाही. त्याच डॅशकॅमच्या, ट्रॉली नसलेल्या खऱ्या फ्रेममधला काळ्या आकाशाचा तुकडा घेऊन त्यातले दाणे मोजले आणि तेवढेच घातले.

हवामान बदललं की पहिल्या काही फ्रेम सोडून द्या. आपोआप जुळवून घेणारं एक्सपोजर स्थिरावायला वेळ घेतं, आणि तोवर रात्रही संध्याकाळसारखी उजळ येते. आमची काहीशे चित्रं यात वाया गेली.

रेडियम सिम्युलेटरमध्ये चमकतं का?

नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं. रेडियमची पट्टी प्रकाश जिथून आला तिथंच परत पाठवते. म्हणून हेडलाइटच्या थोडं वर बसवलेल्या डॅशकॅमला ती लख्ख दिसते. गेम इंजिनातलं साधं मटेरियल प्रकाश आरशासारखा पुढं फेकतं किंवा सगळीकडं पसरवतं; आल्या वाटेनं परत पाठवत नाही. त्यामुळं सिम्युलेटरमधलं रेडियम म्हणजे नुसता लाल रंगाचा कागद.

आम्ही जुगाड केला. पट्टीला स्वतःचा उजेड दिला आणि त्याची तीव्रता कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर आणि कोनावर ठरवली. मग तिच्या तीन अवस्था केल्या: स्वच्छ, धुळीनं माखलेली, उसानं झाकलेली. झाकलेल्या अवस्थेची चित्रं निम्म्याहून जास्त ठेवली. तसं केलं नसतं तर मॉडेल "दोन लाल चमकते ठिपके म्हणजे ट्रॉली" एवढंच शिकलं असतं, आणि जी ट्रॉली शोधायला हा सगळा खटाटोप, नेमकी तीच सुटली असती.

लेबल तर आपोआप मिळतात. मग तो सगळा वेळ वाचला ना?

बराच वाचतो, पण सगळा नाही. कोणता पिक्सेल कोणत्या वस्तूचा हे सिम्युलेटरला ठाऊक असतं, त्यामुळं चौकट अचूक येते. अडचण तिच्या नको तितक्या अचूकपणाची. बाभळीच्या आड ट्रॉलीचा फक्त एक कोपरा दिसत असला, माणसाला तिथं काहीही कळत नसलं, तरी सिम्युलेटर ठामपणे चौकट काढतो. अशा चित्रांवर शिकलेलं मॉडेल झुडपातही ट्रॉली पाहू लागतं. म्हणून ट्रॉलीचा पाचवा हिस्साही दिसत नसेल किंवा चौकट आठ पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तर ते लेबल आम्ही काढून टाकतो.

दुसरं, खऱ्या फोटोंवर चौकटी आमच्या दोन मुलांनी हातानं काढल्या होत्या, आणि त्यांनी लोंबणारी उसाची टोकं चौकटीबाहेर ठेवली होती. सिम्युलेटर शेवटच्या पाचटापर्यंत जातो. एकाच वस्तूच्या दोन व्याख्या झाल्या. शेवटी नियम केला की लोंबता ऊस चौकटीच्या आत, कारण गाडी आदळते ती आधी त्यालाच. खरी लेबलं पुन्हा तपासून दुरुस्त केली.

आणि चौकट वस्तूपासून थोडी सरकलेली दिसली तर कॅमेरा आणि लेबल वेगवेगळ्या क्षणाचे आहेत असं समजा. `synchronous_mode` चालू करायचं राहिलेलं असतं.

पहिल्या वेळी काय चुकलं? तुम्ही त्याबद्दल खूप बोलता म्हणे.

बोलतो, कारण बाकी सगळ्या चुका एकीकडं आणि ही एकीकडं.

आम्ही ९,००० कृत्रिम चित्रं बनवली. प्रत्येकात ट्रॉली. साहजिकच वाटलं: ट्रॉलीच कमी पडत होती, तर ट्रॉलीच बनवायची, रिकाम्या रस्त्याची चित्रं कशाला बनवायची, ती तर खरी ढिगानं आहेत. ती ६,००० खऱ्या फ्रेममध्ये मिसळली, ज्यांतल्या बहुतेकांत ट्रॉली नव्हती. शिकवताना आकडे झकास दिसत होते. मग कुलपातल्या ३० ट्रॉल्यांवर चालवलं तर ११ सापडल्या. फक्त खऱ्या फोटोंवर शिकलेलं जुनं मॉडेल १७ ओळखत होतं. म्हणजे नऊ हजार चित्रं घालून आम्ही मागं गेलो.

कारण समजायला आठवडा लागला. मॉडेलच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर दोन जातीची चित्रं येतात: एक जरा गुळगुळीत, गेमसारखी, दुसरी दाणेदार, खरी. पहिल्या जातीत ट्रॉली कायम असते, दुसरीत जवळपास नसते. अंधारातला भार ओळखायचे कष्ट कशाला घ्यायचे? चित्राचा पोत बघितला की उत्तर निम्मं मिळालं. खरा, दाणेदार रस्ता दिसला की "इथं ट्रॉली नसते" असं ते शिकलं. आणि आमच्या चाचणीतल्या सगळ्या ट्रॉल्या खऱ्या, दाणेदार रस्त्यावरच्या होत्या.

याची परीक्षा सोपी आहे आणि ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. सिम्युलेटरमध्ये ट्रॉली *नसलेल्या* रस्त्याची २०० चित्रं काढा आणि मॉडेलला द्या. आमच्या मॉडेलला रिकाम्या रस्त्यावर जागोजागी ट्रॉल्या दिसल्या. वळणाला, खांबाला, कधी नुसत्या अंधाराला.

उपाय म्हणजे सिम्युलेटरमध्येही खऱ्या जगासारखा रिकामा रस्ता ठेवणं. दुसऱ्या फेरीत निम्म्याहून जास्त कृत्रिम चित्रं ट्रॉलीशिवायची केली, आणि त्यांत मुद्दाम फसवणाऱ्या गोष्टी टाकल्या: कडेला उभा ऊस, कडब्याची गंज, टेललाइट चालू असलेला ट्रक, रस्त्यावर झुकलेलं चिंचेचं झाड, रेडियम लावलेले मैलाचे दगड. उभा ऊस सगळ्यांत वाईट. रंग तोच, पोत तोच, फक्त खाली चाकं नाहीत. बाकीच्या वाहनांची लेबलंही कृत्रिम चित्रांत पूर्ण दिली. नाहीतर मॉडेल उलट्या बाजूनं घसरतं आणि सिम्युलेटरमधला ट्रक म्हणजे "काहीच नाही" असं शिकतं.

खरी आणि कृत्रिम चित्रं किती प्रमाणात मिसळायची?

सगळ्यांना इथं एक आकडा हवा असतो. तो आम्ही देत नाही, कारण तुमचा कॅमेरा आणि तुमची वस्तू वेगळी. पण प्रमाण कुठं मोजायचं ते सांगता येतं: ढिगात मोजू नका, प्रत्येक बॅचमध्ये मोजा. मॉडेल एका वेळी १६ चित्रं बघत असेल तर त्यातली ४ कृत्रिम आणि १२ खरी, असं आम्ही बांधून दिलं. मग कृत्रिम चित्रं ४,००० असोत की ४०,०००, खऱ्याचा आवाज दबत नाही. खऱ्या बारांपैकी निदान दोघांत ट्रॉली असेल असंही केलं, म्हणजे शिकवणीतल्या खऱ्या ट्रॉल्या वरचेवर समोर येत राहिल्या.

शेवटी काही फेऱ्या फक्त खऱ्या फोटोंवर, शिकण्याचा वेग दहापट कमी करून. सिम्युलेटरनं आकार शिकवला, आता डोळा खऱ्या रात्रीला सरावू दे, असा तो भाग. या फेऱ्या जास्त झाल्या की मॉडेल पुन्हा त्याच ट्रॉल्या पाठ करायला लागतं. म्हणून शिकवण्याच्याच भागातल्या सहा ट्रॉल्या बाजूला काढून त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि तिथली चूक वाढू लागताच थांबलो. कुलपातल्या तीस या कामासाठी वापरायच्या नाहीत, मोह झाला तरी.

चित्रं हुबेहूब खऱ्यासारखी दिसायला हवीत का?

आम्ही सुरुवातीला त्यातच महिना घालवला, उसाच्या पानांवरची लव दिसेपर्यंत. पन्नास मीटरवरून ती कुणाला दिसणार? २०१७ मध्ये टोबिन या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की चित्रं वास्तववादी नसली, पण रंग, पोत, उजेड, कॅमेऱ्याची जागा हे सगळं भरपूर बदलत ठेवलं, तर त्यांवर शिकलेलं मॉडेल खऱ्या जगातही वस्तू शोधतं. खरं जग त्याला आणखी एक बदल वाटतो. ते टेबलावरच्या साध्या वस्तूंचं काम होतं, आमचा प्रश्न वेगळा. तरी दिशा तीच निघाली. एकाच भाराची दहा हजार चित्रं काढण्यापेक्षा बारा भारांची तीन हजार चित्रं जास्त उपयोगी पडली. वास्तव जपायचं ते तीन ठिकाणी: कॅमेऱ्याचे दोष, हेडलाइटचा झोत आणि वस्तूचा दुरून दिसणारा आकार.

किती अंतरावरून ट्रॉली ओळखता येते?

इथं थोडं गणित करू, कारण सिम्युलेटर कितीही चांगला असला तरी याच्या पुढं जात नाही. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दीड सेकंद भानावर यायला, म्हणजे ३३ मीटर. मग जोरात ब्रेक लावून आणखी ४० मीटर. ढोबळ ७५ मीटर. आमचा कॅमेरा १९२० पिक्सेल रुंद आणि साधारण १०० अंश बघणारा आहे. अडीच मीटर रुंद भार ७५ मीटरवर त्यात सुमारे २७ पिक्सेल दिसतो. पण मॉडेलला चित्र ६४० पिक्सेलवर आणून दिलं की उरतात ९. नऊ पिक्सेलची अंधारी ट्रॉली म्हणजे डाग.

आम्ही चित्र लहान करणं सोडलं आणि मधला, रस्त्याचा ६४० पिक्सेलचा पट्टा मूळ आकारात कापून घेतला. शिकवताना कृत्रिम चित्रंही तशीच कापली. काहींनी सिम्युलेटरमध्ये ट्रॉल्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ ठेवून चित्रं काढलेली पाहिली आहेत; त्यात आकडे छान येतात आणि रस्त्यावर काही कामाचं नसतं.

दुसरी मर्यादा उजेडाची. डिपरवर झोत साधारण पन्नास मीटरच्या आसपास विरतो. रेडियम झाकलेली ट्रॉली त्यापलीकडं कॅमेऱ्याला दिसतच नाही, आणि जे चित्रात आलंच नाही ते कोणतंही मॉडेल शोधू शकत नाही. अप्परवर किंवा कमी वेगात हे काम करतं. डिपरवर ८० च्या वेगानं करत नाही, आणि हे आम्ही वापरणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर सांगतो.

सुधारणा खरंच झाली हे कशावरून?

दुसऱ्या फेरीनंतर ३० पैकी २४ सापडल्या. आधी १७ होत्या. ऐकायला मोठं वाटतं, पण तीसच ट्रॉल्या आहेत. ३० पैकी २४ म्हणजे खरा दर ६३ ते ९० टक्क्यांत कुठंही असू शकतो. म्हणून एकूण आकड्यावर न थांबता दोन्ही मॉडेलं ट्रॉलीमागून ट्रॉली समोरासमोर ठेवली. नव्यानं सापडल्या ८, आणि जुनं ओळखत होतं पण नवीन सोडून गेलं अशी १. नऊ ठिकाणी फरक, त्यात आठ एका बाजूला. नाणं नऊ वेळा उडवून आठ किंवा नऊ वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता साधारण चार टक्के. निव्वळ नशीब म्हणायला कमी, पेढे वाटायलाही कमी. पुढच्या हंगामातल्या ट्रॉल्या आल्या की पुन्हा मोजणार.

दोन पथ्यं पाळलीच पाहिजेत. चाचणीत कृत्रिम चित्र एकही नको. आणि खऱ्या फ्रेम वाटताना प्रवासानुसार वाटा, फ्रेमनुसार नको; नाहीतर एकाच ट्रॉलीची अलीकडची फ्रेम शिकवणीत, पलीकडची चाचणीत येते आणि मॉडेल हुशार वाटायला लागतं. खोटे इशारे आम्ही दर १०० किलोमीटरला किती असे मोजतो. ड्रायव्हर टक्केवारी बघत नाही; तो तिसऱ्या खोट्या घंटीला यंत्र बंद करतो.

हेच बैलांच्या टायरगाडीसाठी चालेल का?

अजून नाही. टायरगाडी चालती असते, ती ट्रॉलीपेक्षा अरुंद, आणि भारावर बहुतेक वेळा माणसं बसलेली असतात. समोरून बैलांचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात, मागून तेही नाही. बैलाची चाल सिम्युलेटरमध्ये आणायचा एक प्रयत्न केला. बैल घोड्यासारखे दुडके चालले आणि त्या काकांनी पाहून मान फिरवली. सध्या रात्रीच्या खऱ्या टायरगाड्यांच्या फ्रेम जमवतोय. भारावर बसलेल्यांचे चेहरे पुसूनच त्या पुढं जातात. आजवर १४ गाड्या झाल्या आहेत.